दरवाजा सात फुटी म्हणून माणूस सहा फुटी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फोटोतल्या माणसाची उंची मागच्या दारावरून कशी काढायची, ते आपण शिकवले आहे. कालचा दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही. दाराची चौकट फोटोत ७०० ठिपके भरली, माणूस ६०० ठिपके भरला, दार ७ फुटी, म्हणून माणूस ६ फुटी, असा तुमचा हिशेब. त्रैराशिक बरोबर आहे. पण तुम्हीच छापलेल्या फोटोत त्या गृहस्थांचे बूट चौकटीच्या तळरेषेच्या बऱ्याच खाली दिसतात. म्हणजे ते दारात उभे नाहीत, दाराच्या पुढे उभे आहेत. हे लेख लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला आणि छापणाऱ्याला, तिघांनाही दिसू नये याचे मला वाईट वाटले.

मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलच्या मुलांना सव्वीस वर्षे यथार्थदर्शन शिकवले. पहिल्याच आठवड्यात आम्ही सांगत असू की जवळची वस्तू मोठी दिसते, आणि किती मोठी ते अंतरांच्या गुणोत्तरावरून ठरते. मोबाइल सरळ उभा धरून दारापासून १२ फुटांवरून फोटो काढला आणि माणूस दाराच्या फक्त एक फूट पुढे उभा असला, तर तो कॅमेऱ्यापासून ११ फुटांवर आला. दाराच्या मापाने मोजल्यास तो बारा भागिले अकरा पट मोठा भरणार. ५ फूट ६ इंचांचा माणूस बरोबर ६ फुटांचा होतो. एका फुटाच्या अंतराने सहा इंच वाढले. तुमचे ६ फुटी गृहस्थ खरे किती उंच आहेत हे त्या फोटोवरून तुम्हालाही सांगता येणार नाही, कारण कॅमेरा किती लांब होता आणि ते दाराच्या किती पुढे होते, यातले काहीच तुम्ही दिलेले नाही.

शिवाय 'दार ७ फुटी' म्हणजे नेमके काय? आपल्याकडे ७ फुटी म्हणतात ती चौकटीची बाहेरून बाहेरपर्यंतची उंची. वरचे आडवे लाकूड अडीच इंचाचे धरा. चौकट आधी बसते आणि फरशी नंतर पडते, तीत दोनेक इंच जातात. म्हणजे माणूस ज्यातून आत जातो ती मोकळी जागा ६ फूट साडेसात इंच उरली. फोटोत ठिपके मोजताना तुम्ही चौकटीची आतली कड धरली की बाहेरची? आतली कड धरून ७ फूट लिहिले असतील, तर तुमचा ६ फुटी माणूस एवढ्यानेच जवळजवळ चार इंचांनी उतरतो, पुढे उभे राहण्याचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. अमेरिकेत घरातली दारे सहसा ६ फूट ८ इंचांची असतात, इंग्लंडमध्ये ६ फूट ६ इंचांची. तिकडच्या फोटोला आपले ७ फूट लावले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. टेप घेऊन ते विशिष्ट दार मोजल्याशिवाय हा हिशेब सुरूच करता येत नाही.

इतके लिहून थांबलो असतो. पण आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी याच हिशेबाने एका मुलाचे दूध बंद झाले, म्हणून हे पत्र.

पंपाच्या खोलीतून जुनी मोटर चोरीला गेली. पार्किंगमधल्या कॅमेऱ्यात माणूस दिसत होता, पण कानटोपी आणि मफलर असल्यामुळे चेहरा कळेना. त्याच्या मागे खोलीचे दार, आणि दारावर 'धोका' लिहिलेली पत्र्याची पाटी. एका चित्रात त्याचा माथा बरोबर पाटीच्या खालच्या कडेला टेकलेला. आमच्या सेक्रेटरींनी खाली जाऊन जमिनीपासून त्या कडेपर्यंत टेप लावला. ५ फूट ३ इंच भरले. पहाटे दूध टाकायला येणारा मुलगा ५ फूट ३ इंचांचा. अंगकाठी तशीच, वेळही तीच. "दरवाजा खोटं बोलत नाही," असे भर सभेत म्हणाले. त्या दिवसापासून मुलाला फाटकाच्या आत घेणे बंद. बत्तीस घरांचे दूध गेले. त्याची आई रडत माझ्या दारात आली, तेव्हा मला हे सगळे समजले.

मी ते चित्र मागून घेतले आणि आधी पाय पाहिले. माथा सगळे पाहतात, पाय कोणी पाहत नाही. त्या माणसाची दोन्ही पावले शहाबादीच्या पहिल्या सांध्यावर होती, आणि तो सांधा दारापासून एक फूट पुढे आहे. मग कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची मोजली, ती ८ फूट. कॅमेऱ्याखाली ओळंबा सोडून तिथून दारापर्यंतचे अंतर मोजले, ते १२ फूट. म्हणजे माणूस ११ फुटांवर. आता कॅमेऱ्यापासून पाटीच्या कडेपर्यंत एक दोरी ताणलेली आहे असे समजा. बारा फुटांत ती ८ फुटांवरून ५ फूट ३ इंचांवर येते, म्हणजे ३३ इंच उतरते. त्याच उताराने अकरा फुटांत ती सव्वातीस इंच उतरेल. म्हणजे माणसाच्या डोक्यावर ती जमिनीपासून पावणेसहासष्ट इंचांवर होती. चपला आणि कानटोपी धरून तो माणूस ५ फूट पावणेसहा इंचांचा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण तुमच्या लेखात तिचा पत्ताच नाही. तुमच्या पद्धतीने पुढे उभा असलेला माणूस उंच होतो, सेक्रेटरींच्या पद्धतीने तोच माणूस बुटका झाला. दोघांनी दारच वापरले. फरक असा की तुम्ही माथ्यापासून पायापर्यंत लांबी मोजली आणि त्यांनी फक्त माथा दारावर कुठे पडतो ते पाहिले. माथा कुठे पडेल ते कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरते. कॅमेरा डोक्याच्या वर असेल तर माणूस जितका पुढे येईल तितका माथा दारावर खाली सरकतो. कॅमेरा कमरेशी धरला असेल तर उलट, माथा वर चढतो. आणि कॅमेरा बरोबर माथ्याच्या उंचीवर असेल तर माणूस एक फूट पुढे असो की पाच फूट, माथा दारावर त्याच जागी राहतो. हे घरी करून पाहता येते. म्हणून दार किती उंच हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचे की कॅमेरा किती उंचीवर होता आणि पाय कुठे होते.

ठिपके मोजण्याची तुमची पद्धत आमच्या कॅमेऱ्याला लावताच आली नसती. तो खाली तोंड करून बसवलेला आहे. अशा चित्रात पायाकडचा भाग दबतो आणि डोक्याकडचा फुगतो, त्यामुळे एकाच दाराचा वरचा फूट आणि खालचा फूट सारखा दिसत नाही. भिंगही रुंद दृश्य पकडणारे. कडेला असलेल्या दाराची बाही कमानीसारखी वाकलेली दिसली की समजावे, या चित्रावर पट्टी ठेवायची नाही.

माझे गणित सेक्रेटरींना पटले नाही. आकडेमोड कशीही फिरवता येते, म्हणाले. म्हणून मी त्या मुलाला बोलावले, त्याच सांध्यावर तशीच पावले ठेवून उभे केले आणि त्याच कॅमेऱ्यातून चित्र घेतले. माझ्या गणिताने त्याचा माथा दारावर बरोबर ५ फुटांवर पडायला हवा होता, पाटीच्या कडेच्या तीन इंच खाली. तिथेच पडला. नंतर एका लाकडी पट्टीवर इंचाइंचाला रंगाच्या खुणा करून ती त्याच जागी उभी धरली. पाटीच्या कडेशी जुळणारी खूण ५ फूट ५ आणि ६ इंचांच्या मध्ये आली. सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच, आणि त्याला गणित लागत नाही. तोच कॅमेरा न हलवता, तीच जागा, आणि माणसाच्या ऐवजी खुणांची पट्टी. कॅमेरा काढून पुन्हा बसवला असेल तर मात्र हेही गेले.

एवढे करूनही मी सेक्रेटरींना एक आकडा दिला नाही. माणूस चालताना पाय फाकले की माथा इंच-दीड इंच खाली येतो, वाकून चालला तर आणखी. चपलेची जाडी, टोपीचा फुगवटा वेगळाच. मी ५ फूट ४ ते ५ फूट ७ असे लिहून दिले आणि खाली लिहिले की यावरून चोर कोण ते कळत नाही, फक्त ५ फूट ३ इंचांवरून या मुलाला धरण्याला आधार नाही. तुमच्या लेखात 'अचूक उंची' हे शब्द चार वेळा आले आहेत. मी मोजले.

मुलाला परत आत घेतले, पण बत्तीसपैकी एकोणीस घरांनी तोवर पिशवीचे दूध सुरू केले होते. सभेत झाल्या गोष्टीबद्दल अवाक्षर निघाले नाही.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात मंगळसूत्र चोरीच्या संशयिताचा फोटो आपण पहिल्या पानावर छापलात आणि खाली 'उंची अंदाजे पावणेसहा फूट' असे लिहिलेत. मागे दुकानाचे दार होते, पण फोटो गुडघ्यापासून खाली कापलेला होता आणि दोन कॉलमांत बसवण्यासाठी आडवा ताणलेला होता. दाराची उंची-रुंदी पाहिली तरी ताण कळत होता. तो माणूस दाराच्या किती पुढे होता ते पाय दिसल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. पोलिसांकडून फोटो पूर्ण आला असेल तर तो कापू नका, आणि ताणू तर मुळीच नका. जागा नसेल तर बातमी दोन ओळींनी कमी करा, पण पाय छापा.

रविवारच्या लेखाची दुरुस्ती येत्या पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात यावी अशी विनंती आहे. पट्टीचे आणि पाटीचे फोटो हवे असतील तर पाठवीन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सांगली