जन्मतः शाबूत असलेला खुबा : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी पुण्यात लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी बरीचशी मुलं सेरेब्रल पाल्सीची, आम्ही ज्याला दिवसभर नुसतं 'सीपी' म्हणतो, मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या त्या आजाराची असतात. या मुलांच्या खुब्याच्या एक्स-रेबद्दल एक मागणी आपल्यापुढे ठेवायची आहे. त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण मागणी त्या चुकीतूनच आली आहे.

भोर तालुक्यातली एक मुलगी दोन वर्षांची असताना माझ्याकडे येऊ लागली. मान धरायची, टेकू दिला तर बसायची, उभी राहत नव्हती. तिची आई पहाटेच्या एसटीने तिला कडेवर घेऊन स्वारगेटला उतरायची आणि तिथून बस बदलून माझ्याकडे पोचायची. तीन वर्षं मी त्या मुलीचे पाय ताणले, तिला उभं करायच्या फळीला बांधून उभं केलं, बसण्याची खुर्ची बनवून दिली. मध्येच एकदा आई म्हणाली, "ताई, लंगोट बदलताना उजवा पाय हल्ली फाकतच नाही." मी जांघेतले स्नायू आखडलेत असं समजून ताण वाढवला. दुखतंय का, असं विचारलं तर मुलगी हसायची. म्हणून मीही निश्चिंत होते.

पाचव्या वर्षी ती रात्री रडून उठायला लागली तेव्हा पहिल्यांदा खुब्याचा एक्स-रे झाला. उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा वाटीतून अर्ध्याहून जास्त बाहेर आला होता. आईने पिशवीतून जुने कागद काढले. त्यात दोन वर्षांपूर्वीची, बद्धकोष्ठासाठी काढलेली पोटाची एक फिल्म होती. खालच्या कडेला दोन्ही खुबे स्पष्ट दिसत होते. ती फिल्म पोटासाठी बघितली गेली, खुब्यासाठी कुणीच बघितली नाही. मीही कधी मागितली नव्हती.

त्या दिवशी खिडकीला धरून मी पट्टीने मोजलं. मोजणं अवघड नसतं. ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या वाढीच्या कूर्चांतून एक आडवी रेघ मारायची. वाटीच्या बाहेरच्या कडेतून तिला काटकोनात उभी रेघ खाली आणायची. गोळ्याची एकूण रुंदी मोजायची, आणि त्यातला किती भाग उभ्या रेघेच्या बाहेर आहे ते बघायचं. जुन्या फिल्ममध्ये गोळा २८ मिलिमीटर होता आणि त्यातले १० बाहेर, म्हणजे ३६ टक्के. नव्या एक्स-रेत गोळा ३० मिलिमीटर आणि १८ बाहेर, म्हणजे ६० टक्के. याला मायग्रेशन टक्केवारी म्हणतात. ३० टक्क्यांच्या वर गेली की खुबा सरकायला लागला असं धरतात. मोजण्यात पाचेक टक्क्यांचा फरक पडू शकतो, पोटाच्या फिल्ममध्ये त्याहूनही जास्त. पण इतकी मोठी वाढ मोजण्याच्या चुकीने होत नाही. मी स्नायू ताणत बसले होते ती दोन वर्षं खुबा वर्षाला बारा टक्क्यांनी सरकत होता.

आपल्या राज्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात. त्यांच्या यादीत जन्मजात खुबा निखळणं आहे, आणि ते असायलाच हवं. पण सीपीच्या मुलाचा खुबा जन्मतः शाबूत असतो. नवजात तपासणीत तो बिनचूक पास होतो. तो बिघडतो नंतर. मूल वेळेवर उभं राहत नाही, त्यामुळे सांध्यावर भार पडत नाही. मांडीच्या हाडाची मान बाळाच्या असते तशी सरळ आणि पुढे वळलेलीच राहते. त्यात जांघेतले आणि पुढचे आखडलेले स्नायू गोळ्याला रोज थोडं थोडं वर-बाहेर ओढतात. गोळ्याचा दाब नाही म्हणून वाटीही खोल होत नाही. हे सगळं दुसऱ्या वर्षापासून सुरू होऊ शकतं आणि बराच काळ दुखत नाही. पाय किती फाकतो यावरूनही भरवशाने कळत नाही. छान फाकणारे पाय असलेल्या मुलांचेही खुबे सरकलेले मी पाहिले आहेत. कळतं ते एक्स-रेतच.

कुणाला धोका जास्त, हेही आता ठाऊक आहे. हालचालीच्या क्षमतेनुसार या मुलांच्या पाच पातळ्या करतात. पहिल्या पातळीतलं मूल धावतं, पाचव्या पातळीतल्याला मानही सावरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ३२३ मुलांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या पातळीत एकाचाही खुबा सरकला नव्हता, तिसरीत शंभरात ४१, चौथीत ६९ आणि पाचवीत ९० मुलांचा सरकला होता. माझ्याकडची ती मुलगी चौथ्या पातळीतली.

इथे मला आमच्या सगळ्यांच्या एका सवयीबद्दल बोलायचं आहे. चवड्यावर चालणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. आई-वडील, शाळा, डॉक्टर, आम्ही, सगळेच त्याच्या चालण्यात गुंततो. पोटरीत बोट्युलिनम टॉक्सिनचं, म्हणजे ताठ स्नायू काही काळ सैल करणारं इंजेक्शन, मग प्लास्टर, मग पायाचा स्प्लिंट, असा क्रम ठरतो. पोटरी नुसती ताठ असेल, आखडून आखूड झालेली नसेल, तर त्याचा उपयोगही होतो. असर साधारण तीन-चार महिने टिकतो आणि तेवढ्यात व्यायाम आणि स्प्लिंट यांनी काम साधायचं असतं. न चालणारं मूल मात्र खाटेवर शांत पडलेलं असतं. त्याच्या चालण्याचा प्रश्नच नाही म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे त्याला कुणी नेत नाही. खुबा सरकतो तो बहुतेक वेळा याच मुलाचा.

आणि तेच इंजेक्शन आता खुब्यासाठीही सुचवलं जातं. "ऑपरेशन नको असेल तर दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्या," असं ऐकून उसनवारी करणारे आई-वडील माझ्यासमोर बसतात. याचं उत्तर मिळालेलं आहे. ऑस्ट्रेलियात ९० मुलांवर चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना तीन वर्षं दर सहा महिन्यांनी जांघेत इंजेक्शन आणि पाय फाकवून ठेवणारा पट्टा दिला होता. सरकणं किंचित मंदावलं, थांबलं नाही, आणि ऑपरेशन टळलं नाही. लंगोट बदलायला सोपं जावं, पेटके कमी व्हावेत यासाठी ते इंजेक्शन द्यायला माझी हरकत नाही. पण खुबा जागेवर राहील या आशेवर घेतलं, तर पैशापेक्षा मोठं नुकसान वेळेचं होतं. हे मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं जावं.

वेळ का महत्त्वाचा, तेही सांगते. ३० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान, लहान वयात, पाय फाकणं कमी झालं असेल तर जांघेतले आखडलेले स्नायू सैल करण्याचं छोटं ऑपरेशन करता येतं. एक-दोन दिवसांत मूल घरी जातं. आई-वडिलांना मी खोटी आशा देत नाही: चौथ्या-पाचव्या पातळीत यानंतरही अनेक खुबे पुन्हा सरकतात. पण एखादं वर्ष, कधी दोन-तीन वर्षं हातात येतात आणि हाडाचं ऑपरेशन जरा मोठ्या, मजबूत वयात करता येतं. आकडा ४० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर मांडीचं हाड कापून, आत वळवून, प्लेटने बसवावं लागतं. आणखी उशीर झाला की वाटीही उथळ झालेली असते, म्हणून तिच्या वरचं हाड कापून खाली वाकवावं लागतं. माझ्या त्या मुलीचं हेच झालं. दोन्ही हाडं कापली, रक्त चढवावं लागलं, सहा आठवडे ती कंबरेपासून प्लास्टरमध्ये होती. आई तेवढे दिवस शेतावर गेली नाही. आज मुलगी न रडता बसते. पण ३६ टक्क्यांवर तिला जो लहान रस्ता होता तो कुणी दाखवलाच नाही.

याहूनही उशीर झाला, गोळाच चपटा होऊन त्याची कूर्चा झिजली, तर सांधा परत बसवता येत नाही. मग गोळा काढून टाकणं किंवा तत्सम दुखणं कमी करणारी ऑपरेशनं उरतात, आणि त्यानंतरही काही मुलं दुखतं म्हणून कण्हत राहतात.

दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून प्रत्येक सीपीच्या मुलाची नोंद ठेवून ठरावीक वेळी एक्स-रे काढतात. आधी तिथे शंभरात आठच्या आसपास मुलांचे खुबे पूर्ण निखळत होते, ते प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आलं. नुसत्या एक्स-रेने नव्हे. आकडा वाढला की त्या मुलावर वेळेत उपचार झाले म्हणून. त्यासाठी लागलेलं यंत्र आपल्या ग्रामीण रुग्णालयांतही असतं.

म्हणून मागणी अशी. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात सीपीचं निदान किंवा नुसता संशय असलेल्या प्रत्येक मुलाचा खुब्याचा पहिला एक्स-रे १२ ते २४ महिन्यांच्या वयात व्हावा. तिसऱ्या ते पाचव्या पातळीत तो सुरुवातीला दर सहा महिन्यांनी आणि आकडा स्थिर राहिला तर वर्षातून एकदा, हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत व्हावा. चालणाऱ्या मुलांनाही पूर्ण सोडून चालणार नाही. एकाच बाजूची सीपी असलेली आणि मांडी आत वळवून चालणारी काही मुलं मोठेपणी खुबा गमावतात. "खुबा नॉर्मल" असा शेरा पुरत नाही. दोन्ही बाजूंची टक्केवारी मुलाच्या कार्डावर आकड्यात लिहिली जावी आणि ३० च्या वर गेली की बालअस्थिरोगतज्ज्ञांची तारीख त्याच दिवशी मिळावी.

एक्स-रे तंत्रज्ञांना अर्ध्या दिवसाचं शिकवणं लागेल, ते टाळू नका. मूल उताणं, दोन्ही मांड्या समांतर, गुडघ्याच्या वाट्या छताकडे, आणि कंबर उचलली जात असेल तर गुडघ्यांखाली उशी. पाय फाकवून काढला तर सरकलेला खुबा बरा दिसतो, पाय एकमेकांवर चढले तर बरा खुबा सरकलेला दिसतो. मला मिळणाऱ्या कितीतरी फिल्म याच कारणाने मोजता येत नाहीत आणि मुलाला परत पाठवावं लागतं.

एक्स-रे कसा काढावा आणि कसा मोजावा याचं एका पानाचं चित्रांसह टिपण मी मराठीत केलं आहे. ते या पत्राला जोडते. भोरच्या त्या आईने तिच्या मुलीच्या दोन्ही फिल्म शिकवण्यासाठी वापरायला परवानगी दिली आहे. आपल्या कार्यालयाने दिवस कळवला की त्या घेऊन मी येईन.

आपली विश्वासू,
एक बाल-फिजिओथेरपिस्ट, पुणे