सारखी चूक म्हणजे कॉपीच?

महोदय,

सोलापुरात मी बरीच वर्षे गणिताचे पेपर तपासले. (x + 3)² = 25 सोडवताना दोन मुलांनी x² + 9 = 25, म्हणून x = 4 असे लिहिले, की लगेच कॉपीचा ठपका बसतो. हा अन्याय आहे. मधला 6x विसरणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, अगदी दोन टोकांना बसलेलीसुद्धा.

पण दोघांनीही x² = 61 लिहून खाली x = 4 काढले, तर मला शंका येते. आकडे उलटे पडले, उत्तर मात्र 16 चेच; हे दोघांकडून आपापले घडणे अवघड. तरीही कोणी कोणाचे पाहिले, हे त्या ओळीवरून कळत नाही. कच्चे काम आणि बैठक व्यवस्था तपासल्याशिवाय दोघांनाही शून्य देऊ नये.

– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर