मोक्काच्या कलम १८ मधला एक ‘किंवा’ : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब साध्या खटल्यात पुरावा ठरत नाही, हा नियम ब्रिटिशांच्या काळापासून आहे आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का कायदा याला अपवाद. त्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालतो. टोळ्यांविरुद्ध साक्ष द्यायला कोणी धजत नव्हते, म्हणून १९९९ मध्ये ही सोय झाली. कारण खोटे नव्हते. तिचे पुढे काय झाले, त्यासाठी मालेगाव पाहा.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, शब-ए-बारात. कब्रस्तानाजवळ आणि मुशावरत चौकात स्फोट झाले, ३१ माणसे गेली. एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना धरले, मोक्का लावला आणि डिसेंबरात आरोपपत्र दिले. त्याचा मोठा आधार होता आरोपींचे कबुलीजबाब. ते त्यांनी नंतर नाकारले. एक जण माफीचा साक्षीदार झाला, तोही पुढे फिरला.

एटीएसच्या कथेनुसार ज्यांनी बॉम्ब ठेवले, त्यांच्यापैकी एक जण प्रत्यक्षात त्या दिवशी सुमारे चारशे किलोमीटरवर, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत नमाज पढवत होता. अख्खा गाव साक्षीला. हे शोधायला ना प्रयोगशाळा लागत होती, ना खबरी. पण कबुली हातात आली की फुलसावंगीला जायचे कोणी आणि कशाला? चुकीच्या कबुलीने निरपराध आत जातो हे दिसते. तपास तिथेच थांबतो, हे सहसा दिसत नाही.

सुटका कशी झाली, हे त्याहून बोलके आहे. २०१० च्या अखेरीस, दुसऱ्या एका स्फोटाच्या प्रकरणात अटकेत असलेल्या स्वामी असीमानंद यांनी दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला की मालेगावचे काम दुसऱ्यांचे. तपास एनआयएकडे गेला, सात जणांना नोव्हेंबर २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ रोजी विशेष न्यायालयाने नऊही जणांना दोषमुक्त केले. त्यातला एक तोवर हयात नव्हता. असीमानंदांनीही आपला जबाब दबावाखाली दिल्याचे सांगून मागे घेतला, हे इथे लपवणार नाही. एका कबुलीला दुसऱ्या कबुलीने कापायचे, तर आपण त्याच चिखलात. फुलसावंगी मात्र कोणाच्या जबाबावर हलत नाही.

निरपराध माणूस सही का करतो, हे लोक मला लग्नसमारंभातही विचारतात. माराने, हे अर्धे उत्तर. माझा एक अशील शेतमजूर होता, पाण्याच्या मोटारीच्या चोरीत धरलेला. पोलीस ठाण्याचे नाव लिहीत नाही. तो म्हणाला, “साहेब विचारायचे, मोटार कुठंय? मी म्हणायचो, ठाव नाही. मग तेच म्हणायचे, विहिरीमागं नाही ना? तिसऱ्या रात्री मी म्हटलं, हाय, विहिरीमागं हाय.” निवेदन पंचनाम्यात मात्र ‘आरोपीने स्वखुशीने सांगितले’. गुन्हेगारालाच ठाऊक असणारी माहिती त्याच्या तोंडात कोणी घातली, हे त्या कागदावरून कोणालाही कळणार नाही. आणि सही करताना त्याला काय वाटले? “आज झोपू देतील, कोर्टात खरं सांगेन.” तीन रात्री जागलेल्या माणसाला उद्याची शिक्षा दूरची असते, आत्ताची झोप जवळची. आपण निर्दोष आहोत, या भरवशावरच माणूस सही करतो. साध्या गुन्ह्यात पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपर्यंत मिळते, मोक्कात तीस दिवसांपर्यंत.

माझ्या मागण्या दोनच आहेत, आणि मोक्का राज्याचा कायदा असल्याने दुरुस्ती विधिमंडळाच्या हातात आहे.

कलम १८ म्हणते की कबुलीजबाब लेखी ‘किंवा’ यांत्रिक साधनावर नोंदवावा. तो ‘किंवा’ काढा. नुसत्या शेवटच्या कबुलीचे चित्रण नको, कारण तोवर पाठांतर झालेले असते. पहिल्या प्रश्नापासून चित्रण हवे, म्हणजे ‘विहिरीमागं’ हा शब्द आधी कोणी उच्चारला ते न्यायाधीशांना दिसेल. पोलीस ठाण्यांत, चौकशीच्या खोलीतही, आवाजासह कॅमेरे लावायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच सांगितले आहे.

दुसरी मागणी. आरोपीला कबुलीनंतर दंडाधिकाऱ्यांसमोर नेतात. त्याने तिथे मारहाणीची तक्रार केली, तर वैद्यकीय तपासणीची तरतूद कलम १८ मध्ये आहे. पण नंतर त्याला कुठे पाठवायचे, याबद्दल ते गप्प आहे. २००२ च्या पोटासारख्या कडक दहशतवादविरोधी कायद्यातसुद्धा त्यानंतर न्यायालयीन कोठडी, असे स्पष्ट लिहिले होते. ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याच गाडीत बसून रात्री परतायचे असेल, तर दंडाधिकाऱ्यांच्या “काही तक्रार आहे का?” या प्रश्नाचे उत्तर काय येणार? माझ्या त्या मजुराने, साध्या चोरीच्या खटल्यात, “नाही साहेब” एवढेच म्हटले होते, आणि म्हणताना दाराकडे पाहिले होते. दारात हवालदार उभा होता.

आपला,
एक फौजदारी वकील