एजीएमची नोटीस मराठीत – मत कोणाचं, ते नीट वाचा

मेंबरांनो, चवथीच्या गडबडीत इंग्रजी नोटीस बऱ्याच जणांनी उघडूनच बघितली नाही, म्हणून साध्या मराठीत टाकतोय. रविवार 28 सप्टेंबर, सकाळी 10 वाजता, खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये. गाड्या आदल्या रात्रीच बाहेर काढा.

अजेंडा:
1. मागच्या मीटिंगचे मिनिट्स मंजूर करणे. म्हणजे तेव्हा जे ठरलं तेच लिहिलंय ना एवढंच बघायचं, जुना वाद परत काढायचा नाही
2. ऑडिट झालेले हिशेब मंजूर करणे. कॉपी सेक्रेटरीकडे आहे, प्रश्न आधी लिहून दिलेत तर बिलं काढून ठेवता येतील
3. पुढच्या वर्षाचा ऑडिटर नेमणे
4. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, तीन कोटेशन आलीत, मतदान यावरच होणार
5. अध्यक्षांच्या परवानगीने इतर विषय. यात आयत्या वेळी मोठा खर्च पास होणार नाही

आता मताचं. एका मेंबरला एकच मत, दोन फ्लॅट नावावर असले तरी एकच. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव ज्याचं त्याचं मत, तो हजर नसेल तर दुसऱ्याचं. म्हणजे नवरा बोटीवर आणि दुसरं नाव बायकोचं, तर तिने यावं आणि मत द्यावं. पण सर्टिफिकेटवर तिचं नावच नसेल आणि सोसायटीने तिला असोसिएट मेंबर म्हणूनही घेतलेलं नसेल तर नुसतं बसता येईल, नवऱ्याची चिठ्ठी किंवा व्हॉट्सअॅप मेसेज चालणार नाही. भाडेकरूंना मत नाही.

सर्टिफिकेटची झेरॉक्स आणा.

– सेक्रेटरी