‘इमारत पाडण्यात आली’ हेच बरोबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘धोकादायक इमारत पाडण्यात आली’ या आपल्या दैनिकातील वाक्यावर एका वाचकाने पत्रातून हरकत घेतली आहे. वाक्यात कर्ता नाही, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी हवे आणि ‘इमारत पाडण्यात आले’ असे लिहायला हवे, असे त्यांचे म्हणणे. ही समजूत बऱ्याच ठिकाणी दिसते आणि तिच्यामुळे बरोबर वाक्ये चुकीची ‘सुधारली’ जातात, म्हणून हे पत्र.

कर्ता वाक्यात आहे की नाही, यावर हे क्रियापद मुळीच ठरत नाही. ते ठरते कर्मावर, आणि तेही कर्माला प्रत्यय लागला आहे की नाही यावर. ‘इमारत’ हे कर्म आहे, त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागलेला नाही, म्हणून क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. इमारत पाडण्यात आली, मजला पाडण्यात आला, घर पाडण्यात आले, भिंती पाडण्यात आल्या. ‘पाडण्यात’ बदलत नाही, बदलतो तो फक्त ‘येणे’चा भाग. कर्माला प्रत्यय लागला की मात्र क्रियापदाला धरायला काही उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबते. रहिवाशांना हलवण्यात आले. वृद्धेला खाली उतरवण्यात आले. हरकत घेणाऱ्या वाचकांनी हा दुसरा नियम पहिल्या प्रकारच्या वाक्याला लावला आहे.

यात मराठीला परके काही नाही. ‘ने’ लावून आपण भूतकाळी वाक्य बोलतो तेव्हाही क्रियापद कर्मालाच धरते: तिने आंबा खाल्ला, त्याने चिंच खाल्ली. म्हणूनच शंका आली की एक सोपी कसोटी लावता येते. ज्याने काम केले त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लावून तेच वाक्य भूतकाळात म्हणावे. ‘महापालिकेने इमारत पाडली’ असे म्हणतो, म्हणून ‘पाडण्यात आली’. ‘महापालिकेने रहिवाशांना हलवले’ असे म्हणतो, म्हणून ‘हलवण्यात आले’.

ही कसोटी खरी उपयोगी पडते ती पोलीस आणि न्यायालयाच्या बातम्यांत. ‘आरोपींना अटक करण्यात आली’ हे बरोबर आहे, कारण ‘अटक’ हे स्त्रीलिंगी नाम असून तेच इथे प्रत्ययाविना उभे आहे. पोलिसांनी अटक केली, तसे अटक करण्यात आली. आरोपी एक असो वा दहा, पुरुष असो वा स्त्री, ‘आली’ बदलत नाही. पण त्याच आरोपींना ‘ताब्यात घेण्यात आले’, कारण ‘ताब्यात’ला स्वतःच सप्तमीचा प्रत्यय आहे आणि क्रियापदाला धरण्याजोगे नाम वाक्यात नाही. ‘दाखल’ या शब्दाने तर नेहमी गोंधळ होतो. ‘गुन्हा दाखल करण्यात आला’ आणि ‘जखमीला रुग्णालयात दाखल करण्यात आले’ ही दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. पहिल्यात ‘गुन्हा’ मोकळा आहे, दुसऱ्यात ‘जखमी’ला प्रत्यय लागला आहे, आणि ‘दाखल’ला स्वतःचे लिंगच नाही.

तेव्हा नुसता ‘ला’ किंवा ‘ना’ दिसला म्हणून ‘आले’ लिहून टाकू नये. ‘विद्यार्थ्यांना वह्या वाटण्यात आल्या’ या वाक्यात ‘ना’ आहे, पण तो ज्यांना मिळाले त्यांना लागला आहे. जे वाटले त्या वह्या मोकळ्याच आहेत. शोधायचे ते प्रत्यय न लागलेले कर्म.

चूक एवढी पसरण्याचे एक कारण आपल्या लेखनातच आहे. बोलताना आपण ‘खड्डे बुजवण्यात आले’ आणि ‘रहिवाशांना हलवण्यात आलं’ असा स्वच्छ फरक करतो. लिहिताना दोन्हीकडे ‘आले’च येते. पहिले ‘आले’ पुल्लिंगी अनेकवचन आहे, दुसरे नपुंसकलिंगी एकवचन. ‘आहे’ जोडायची वेळ आली की लपलेली चूक वर येते: ‘खड्डे बुजवण्यात आले आहेत’ हे बरोबर, पण ‘रहिवाशांना हलवण्यात आले आहेत’ हे चूक. तिथे ‘आले आहे’ हवे, रहिवासी कितीही असोत. वाक्य एकदा मोठ्याने म्हणावे. जिथे तोंडात ‘आलं’ येते तिथे ‘आहेत’ बसत नाही.

नमुन्यादाखल एक वाक्य घेऊ: ‘महापालिकेने परळमधील धोकादायक इमारतीतील बारा कुटुंबांना संक्रमण शिबिरात हलवण्यात आले आहेत व इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या भिंती पाडण्यात आला आहे.’ यात तीन चुका आहेत. सुरुवात ‘महापालिकेने’ अशी केली, तर शेवट ‘हलवले’ असाच हवा. ‘हलवण्यात आले’ ठेवायचे असेल, तर ‘महापालिकेकडून’ किंवा ‘महापालिकेतर्फे’ हवे. एका पद्धतीने सुरू झालेले वाक्य दुसऱ्या पद्धतीने संपले, असे बातमी घाईत लिहिताना फार होते. दुसरी चूक ‘आहेत’ची, ती वर आलीच आहे. तिसरीत क्रियापद ‘मजला’ या जवळच्या शब्दाच्या मागे गेले. पण ‘मजल्याच्या’ हे भिंतींचे विशेषण आहे, पाडल्या त्या भिंती. दुरुस्त वाक्य असे: ‘परळमधील धोकादायक इमारतीतील बारा कुटुंबांना महापालिकेकडून संक्रमण शिबिरात हलवण्यात आले आहे व इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या भिंती पाडण्यात आल्या आहेत.’ आमच्या मते याहूनही चांगले म्हणजे ‘महापालिकेने कुटुंबांना हलवले आहे व भिंती पाडल्या आहेत’. काम कोणी केले हे ठाऊक असताना ‘ण्यात आले’ची गरजच काय?

कसोटीला एक मर्यादा आहे. बोलीत ‘त्याने तिला मारली’, ‘आईने मुलीला निजवली’ अशी वाक्येही चालतात. व्याकरणात त्यांना कर्मभावसंकर म्हणतात आणि बोलण्यात ती चूक मानू नयेत. पण त्यांच्यावरून ‘मुलीला रुग्णालयात हलवण्यात आली’ असे लिहिता येत नाही. ‘ण्यात येणे’च्या वाक्यात प्रत्यय लागलेले कर्म क्रियापदाला ओढत नाही.

‘जाणे’ वापरून केलेल्या वाक्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण तिथे दोन्ही शब्द बदलतात. ‘भिंत पाडली गेली’, ‘भिंती पाडल्या गेल्या’. ‘भिंती पाडली गेल्या’ असे अर्धे लिहून चालत नाही. ‘चोर पकडला गेला’ बरोबर, ‘चोराला पकडला गेला’ चूक. या रचनेत ‘मी’ आणि ‘तू’ही प्रत्ययाविना येऊ शकतात: मी निवडला गेलो, मी निवडली गेले, तू निवडला गेलास. पहिला शब्द लिंग दाखवतो आणि दुसरा पुरुषही दाखवतो. ‘ण्यात येणे’ मात्र हे चालवून घेत नाही. ‘मी निवडण्यात आलो’ असे कोणी म्हणत नाही, ‘मला निवडण्यात आले’ असेच म्हणतात.

आपले,
काही वाचक
दादर, मुंबई