तातडीचे आवाहन: बी पॉझिटिव्ह प्लेटलेट्स (एसडीपी) हव्यात, नमुना आज दुपारी ४ च्या आत

रुग्ण: ९ वर्षांची मुलगी, आपल्याच वसाहतीतली. बालकर्करोग विभाग, तिसरा मजला, वॉर्ड ३-ब, खाट १४.
हवे आहेत: बी गटाचे २ दाते, मशीनवर प्लेटलेट्स देण्यासाठी.
मुदत: आज मंगळवार, दुपारी ४ पर्यंत रक्तपेढीत नमुना द्यायचा आहे. त्यानंतर येऊन उपयोग नाही.
संपर्क: मुलीचे मामा. ते रक्तपेढीच्या नोंदणी खिडकीजवळच बसले आहेत.

रुग्णालयाचं नाव आणि मामांचा नंबर सोबतच्या वेगळ्या मेसेजमध्ये दिला आहे. मुलीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, आणि तिच्या आईचा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांनीही कृपया तिला फोन करू नका. ती वॉर्डात एकटी आहे.

मुलीला रक्ताचा कर्करोग आहे आणि केमोथेरपीचा तिसरा आठवडा चालू आहे. आज सकाळच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ९ हजार आल्या. निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात. तिच्या पायांवर पिसवा चावल्यासारखे लाल ठिपके उठले आहेत, आणि हिरड्यांतून रक्त येऊ नये म्हणून सिस्टरांनी दोन दिवसांपासून ब्रश बंद करून नुसत्या चुळा भरायला लावल्या आहेत. उद्या, बुधवारी, सकाळी १० वाजता तिला मणक्यातून औषध द्यायचं आहे. सुई मणक्यात जाणार म्हणून डॉक्टरांना त्याआधी आकडा ५० हजारांच्या आसपास हवा आहे. एरवी २२ किलोच्या मुलीला एक पिशवी पुरली असती, पण तिला ताप आहे आणि तापात चढवलेल्या प्लेटलेट्स लवकर संपतात. म्हणून एक पिशवी आज रात्री आणि दुसरी पहाटे, असं ठरलं आहे.

आता ४ ची वेळ का, ते सांगतो. सकाळपासून निम्मे फोन याच प्रश्नाचे आहेत. साध्या रक्तदानात आधी रक्त घेतात आणि त्याच्या तपासण्या मागाहून होतात. इथे उलट आहे. आधी फक्त नमुना घेतात, त्यावर एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या करतात, प्लेटलेट्स मोजतात, आणि सगळं ठीक आलं तरच मशीनवर घेतात. त्यात चार तास जातात. म्हणजे ४ ला दिलेल्या नमुन्याचा निकाल ८ ला. मग पहिला दाता साधारण दीड तास मशीनवर, त्यानंतर दुसरा. मशीन एकच आहे. शेवटी पिशवीवर किरणांचा मारा करून ती वॉर्डात जाते. सगळं सुरळीत झालं तर दुसरी पिशवी रात्री बारापर्यंत तयार होते. कोणी संध्याकाळी ७ ला ऑफिस सुटल्यावर आलं, तर हा हिशेब पहाटेवर जातो आणि सकाळची वेळ हुकू शकते.

"घरचे का देत नाहीत?" असंही काहींनी विचारलं, जरा टोचून. वडील आणि काका दोघेही बी पॉझिटिव्ह आहेत आणि दोघेही तयार होते, डॉक्टरांनीच नको म्हटलं. पुढेमागे या मुलीला बोनमॅरो बसवायची वेळ आली, तर तो नात्यातल्याच कोणाचा घेतला जाण्याची शक्यता असते. आत्ता त्यांचंच रक्त तिच्या अंगात गेलं, तर शरीर त्याविरुद्ध आधीच तयार होऊन बसू शकतं. म्हणून रक्ताच्या नात्याबाहेरचे दाते हवेत.

दुसरा गैरसमज ओ गटाचा. "मी ओ आहे, मी सगळ्यांना चालतो" असे सात जण पुढे आले. भावना पोचली, पण आज तुम्ही नको. तो नियम लाल पेशींचा आहे. प्लेटलेट्सची पिशवी म्हणजे त्या दात्याचा प्लाझ्मा, आणि ओ गटाच्या प्लाझ्मात बी पेशींना मारक द्रव्यं असतात. मोठ्या माणसाला नाइलाजाने कधी चालवून घेतात; २२ किलोच्या पोरीला रक्तपेढी देत नाही. बी निगेटिव्ह मात्र चालेल. एबी गटाच्या कोणाला यायचं असेल तर आधी मामांशी बोला, बी मिळाले नाहीत तरच बोलावतील.

येणाऱ्याचं वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर येऊ नका. तिने प्लेटलेट्स मोजायला पुरेशा दिसतात, पण काम करत नाहीत. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ती असते, पाकीट वाचून पाहा. महिन्याभरात रक्तदान केलं असेल तर तेही आधीच सांगा. उपाशी येऊ नका, आणि तळकट, तुपकट खाऊनही येऊ नका. गेल्या खेपेला आपला एक दाता भरपेट भजी खाऊन गेला. त्याचा नमुना दुधासारखा पांढरट आला आणि बाकी सगळं उत्तम असताना त्याला परत पाठवलं. पोळी-भाजी, वरण-भात, फळं, भरपूर पाणी, एवढंच.

सगळं जुळूनही काही जण शिरेवर अडतात. मशीनला कोपराच्या खोबणीतली ठसठशीत शीर लागते, कारण रक्त तिथूनच बाहेर येतं आणि प्लेटलेट्स काढून घेतल्यावर बाकीचं तिथूनच परत जातं. म्हणून जागा दोनच्या असल्या तरी पाच जण हवेत. मात्र पन्नास नकोत. खिडकीसमोर गर्दी झाली की कामाचा माणूस मागे राहतो. निघण्याआधी मामांना फोन करा, ते "या" म्हणाले तरच निघा.

मशीनवर असताना ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर गप्प बसू नका, तंत्रज्ञाला लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या औषधाने कॅल्शियम थोडं उतरतं. ते वेग कमी करतात, गोळी देतात, मुंग्या जातात. दिलेल्या प्लेटलेट्स दोन-तीन दिवसांत शरीर भरून काढतं.

नमुना ठीक येऊनही आज ज्यांची गरज पडली नाही, त्यांनी नाराज होऊ नये. प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात, त्याही फ्रीजमध्ये नाही तर साध्या तापमानाला, हलत्या तबकावर डोलत ठेवाव्या लागतात. त्यामुळे साठवून ठेवणं जमत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लागतील, तेव्हा तुम्हालाच आधी फोन येईल.

एक कळकळीची विनंती. हे आवाहन पुढे पाठवायचं तर वारासकट, वेळेसकट, पूर्ण पाठवा. मागे एका मेसेजमधली तारीख कोणीतरी उडवली आणि तो चार महिने फिरत राहिला. त्या घरातला रुग्ण गेल्यानंतरही फोन येत होते. दोन दाते मशीनवर चढले की मी इथेच "पूर्ण झाले" असं टाकीन. ते वाचल्यावर तुम्ही जिथे जिथे पाठवलं असेल तिथे तिथे तेच टाका.

आत्तापर्यंत एक दाता निघाला आहे. तो दोनपर्यंत पोचेल. अजून चार हवेत.

समन्वयक, रक्तदाता गट, रहिवासी मंडळ
मंगळवार, सकाळी ११.२०