काकू, त्या पाच सेकंदांसाठी

प्रिय काकू,

आजीचं सहस्रचंद्रदर्शन होऊन आठवडा झाला, तरी हे लिहिताना डोळे भरून येतायत.

कार्यक्रमात दाखवायच्या आजीच्या फोटोंच्या फिल्मसाठी तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका स्टुडिओला पैसे मोजले होते. त्यांनी एका मिनिटासाठी जवळजवळ दोनशे शब्दांचं निवेदन लिहून दिलं. कष्टाळू, प्रेमळ, त्यागमूर्ती. कुणाच्याही आजीला चाललं असतं. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नव्हती. आणि पणजीबरोबरचा फोटो 'खराब आहे' म्हणून त्यांनी काढूनच टाकला होता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा आजी सतरा वर्षांची होती. नदीकाठच्या त्यांच्या घरात पाणी शिरलं. फ्रेममधला तो फोटो भिजून काचेला चिकटला आणि सोडवताना पणजीचा चेहरा काचेवरच राहिला. आजीच्या खांद्यावरचा हात तेवढा वाचला. त्याआधीचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही.

तुम्ही लिहायला बसण्याआधी तो फोटो आजीच्या हातात दिलात आणि काही न विचारता शेजारी बसून राहिलात. बराच वेळ. आजी आपणहून बोलायला लागली. काकू, आम्ही घरच्यांनी तिला एवढा वेळ कधी दिला नव्हता.

मग तुम्ही दहाच फोटो ठेवलेत आणि शंभरच्या आसपास शब्द. मोठ्यानं वाचायचं, घड्याळ लावायचं, खोडायचं. 'एकोणीसशे अडुसष्ट' कागदावर चार आकडी दिसतं, पण म्हणायला दोन सेकंद खातं, म्हणून पुराचं सोडून सगळी सालं गेली. 'लग्नात आजी हिरव्या शालूत' हे मी हौसेनं लिहिलेलं वाक्यही गेलं. शालू फोटोत दिसतोच, असं तुम्ही म्हणालात. त्याजागी आलं: 'हा शालू मैत्रिणीचा, एका दिवसापुरता.' हे फोटोत कुठे दिसणार होतं!

बाकीच्या नऊ फोटोंना साधारण साडेपाच सेकंद आणि भिजलेल्या फोटोला दहा. पहिल्या पाचांत एवढंच: 'चेहरा पुरानं नेला. खांद्यावरचा हात राहिला.' पुढचे पाच सेकंद शब्द नाहीत, संगीतही नाही. मी घाबरलो होतो, लोकांना वाटेल आवाज गेला. शिवाय ही आजीची आई, हे तरी सांगायला हवं ना? तुम्ही म्हणालात, "ते त्यांच्यासाठी ठेवलंय."

त्या दिवशी तो फोटो पडद्यावर आला. ती दोन वाक्यं झाली आणि कार्यालय शांत झालं. पहिल्या रांगेतून आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही माझी आई."

तुमचाच,
तिचा नातू